मूल खुनाच्या खटल्यात साक्षीदार असेल तर: पोलीस जबाबापासून साक्ष वाचून घेईपर्यंत

माझ्या बहिणीच्या खुनाच्या खटल्यात तिची मुलगी साक्षीदार होती आणि आरोपी तिचे वडील. घटनेच्या वेळी ती 7 वर्षांची, दुसरीत होती. साक्ष झाली तेव्हा चौथीत. तिला कोर्टात नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे होतं. त्या काळात जे विचारत, शोधत, वकिलांच्या मागे लागून समजून घ्यावं लागलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायदा मात्र आहे तसाच आहे.

हे लिखाण महाराष्ट्रातल्या सत्र न्यायालयात चालणाऱ्या खुनाच्या किंवा गंभीर मारहाणीच्या खटल्यांपुरतं आहे, जिथे मुलाने गुन्हा डोळ्यांनी पाहिला आहे. त्याच्यावर स्वतःवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर नियम वेगळे आणि बरेच भक्कम आहेत. गोंधळ होतो तो नेमका इथेच, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

## 1. आपला खटला कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी पक्कं करा

मुलांच्या साक्षीबद्दल जे वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी असलेल्या कायद्याबद्दल असतं. त्या कायद्यात वकिलांनी मुलाला थेट प्रश्न विचारायचे नसतात. ते न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीश मुलाला विचारतात. सुनावणी बंद दालनात होते, मूल आरोपीच्या समोर येणार नाही हे पाहावं लागतं, मध्ये मध्ये विश्रांती द्यावी लागते, मुलाला पुन्हा पुन्हा बोलावता येत नाही. हे सगळं कायद्यातच लिहिलेलं असल्यामुळे ते आपोआप लागू होतं.

खुनाचा साक्षीदार असलेल्या मुलासाठी असं आपोआप काही होत नाही. आमच्या नातेवाइकांपैकी सगळ्यांचा समज होता की मूल आहे म्हटल्यावर कोर्ट सगळी व्यवस्था करेलच. प्रत्यक्षात ती मागावी लागते, लेखी मागावी लागते आणि साक्षीच्या तारखेच्या पुष्कळ आधी मागावी लागते.

मागायला आधार मात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू ऊर्फ दौलत’ या प्रकरणात प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत असुरक्षित साक्षीदारांसाठी किमान दोन खास केंद्रं उभारायला सांगितलं. पुढे जानेवारी 2022 मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या आणखी एका प्रकरणात, अशी केंद्रं सगळ्या जिल्ह्यांत हवीत असा आदेश झाला. ‘असुरक्षित साक्षीदार’ म्हणजे कोण, याची व्याख्याही तिथे रुंद केली गेली. 18 वर्षांखालचा कुठलाही साक्षीदार त्यात येतो, मग खटला खुनाचा असो की चोरीचा. तुमच्या अर्जाचा पाया हाच.

कलमांच्या आकड्यांनी गोंधळून जाऊ नका. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले. साक्ष द्यायला कोण सक्षम, हे जुन्या पुरावा कायद्यात कलम 118 मध्ये होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 124 आहे. मजकूर जवळपास तोच. त्या तारखेला आधीच सुरू असलेले खटले जुन्या कायद्यानेच पुढे चालतात. आमचाही तसाच चालला.

## 2. पोलीस जबाब: घरी, आणि मुलाच्या शब्दांत

मुलींना आणि 15 वर्षांखालच्या मुलग्यांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी ते राहतात तिथे यायचं असतं. ‘पाच मिनिटांचं काम आहे, घेऊन या’ असा फोन आला तर नम्रपणे, पण ठामपणे घरी यायला सांगा.

जबाब लवकर होईल असं पाहा. मूल धक्क्यात असेल, बोलतच नसेल, तर उशिराचं कारण तपास अधिकाऱ्याला लिहून घ्यायला सांगा. डॉक्टरांनी तपासलं असेल तर त्यांचा कागद जपून ठेवा. विनाकारण झालेला उशीर पुढे ‘मधल्या काळात आजोळच्यांनी शिकवलं’ या युक्तिवादाचं खाद्य होतो.

मग जबाबाची भाषा. आमच्या भाचीच्या जबाबात एक वाक्य होतं: ‘माझे वडील हे माझे आईचे चारित्र्यावर संशय घेऊन वारंवार वाद घालीत असत.’ दुसरीतली मुलगी असं बोलत नाही. ती म्हणाली होती, ‘पप्पा आईला विचारायचे, फोनवर कोण होतं, आणि मग ओरडायचे.’ लिहिणाऱ्याने सवयीने त्याचं सरकारी मराठी केलं. दोन वर्षांनी आरोपीच्या वकिलांनी याच वाक्यावर बोट ठेवलं आणि तिला विचारलं, ‘चारित्र्य म्हणजे काय?’ तिला सांगता येईना. मोठ्या माणसाचा शब्द मुलाच्या तोंडी आला की शिकवल्याचा वास येतो. म्हणून जबाब वाचून दाखवतात तेव्हा लक्ष देऊन ऐका. मुलाने न वापरलेला शब्द आला तर तिथल्या तिथे सांगा की तिने असं म्हटलं नाही, तिचे शब्द हे होते. तो आपला आगाऊपणा ठरत नाही.

आणखी एक. मुलाने सांगितलेलं काही जबाबात राहून गेलं आणि ते कोर्टात पहिल्यांदा आलं, तर ‘हे आधी सांगितलं नव्हतं’ म्हणून नोंद होते. कोर्टात त्याला ओमिशन म्हणतात. बारीकसारीक ओमिशनने काही बिघडत नाही, मुख्य गोष्टीचं ओमिशन मात्र महागात पडतं. घटनेनंतर मुलाने काही नवं सांगितलं तर तारीख लिहून ठेवा आणि तपास सुरू असतानाच पुरवणी जबाब घ्यायला सांगा.

## 3. पढवणं कशाला म्हणतात आणि तयारी कशाला

यावर मी सगळ्यांत जास्त लिहिणार आहे, कारण खटला इथेच जिंकला किंवा हरला जातो. आईचा खून, वडील आरोपी, मूल आजोळी. अशा खटल्यात बचावाची ओळ ठरलेली असते: मुलाला आजी-आजोबा, मामा-मावशी यांनी पढवलं.

सर्वोच्च न्यायालयासमोर अगदी असंच प्रकरण आलं होतं. ‘मध्य प्रदेश राज्य विरुद्ध बलवीर सिंग’ याचा निकाल फेब्रुवारी 2025 मध्ये लागला. 7 वर्षांच्या मुलीने वडिलांविरुद्ध साक्ष दिली होती, उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. साक्षीला किमान वय नाही. मुलाच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा आधार असलाच पाहिजे असा नियम नाही. तो शोधणं ही न्यायाधीशाने घ्यायची काळजी आहे. मूल पढवलेलं आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, त्याला काही आधार दाखवावा लागतो. साक्षीचा एखादा तुकडा शिकवलेला वाटला आणि तो वेगळा काढता आला, तर उरलेल्या भागावर विश्वास ठेवता येतो. हे सगळं त्या निकालात एका जागी मिळतं. तुमच्या वकिलांना तो वाचायला सांगा.

आता घरातलं. काय चालतं आणि काय नाही, याची रेघ मी अशी समजून घेतली: घटनेत काय झालं, याबद्दल मुलाला एक शब्दही द्यायचा नाही. कोर्टात काय होतं, याबद्दल हवं तितकं सांगायचं.

म्हणजे ‘तू काठी पाहिलीस ना?’ असं विचारायचं नाही. जबाबाची प्रत मुलाकडून पाठ करून घ्यायची नाही. पाहुण्यांसमोर ‘सांग गं काय झालं ते’ असं बोलायला लावायचं नाही. प्रत्येक वेळी सांगताना गोष्टीला मोठ्यांच्या प्रतिक्रियेचा रंग चढतो, आणि काही काळाने मुलालाच कळेनासं होतं की हे मी पाहिलं की ऐकलं. मुलासमोर मोठ्यांनी आपापसात खटल्याची चर्चा करणं हा याचाच मोठा भाग आहे. आमच्या घरी आईचा, म्हणजे भाचीच्या आजीचा, शोक आवरत नसे. जावयाबद्दल ती बोलत राही. शेवटी आम्ही ठरवलं की हा विषय मूल शाळेत असतानाच निघेल.

बक्षीस आणि धाक, दोन्ही टाळा. ‘नीट सांगितलंस तर सायकल घेऊन देईन’ हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य उलटतपासणीत ‘मावशीने काय कबूल केलंय?’ या प्रश्नावर बाहेर येतं. कोर्टात जायचं म्हणून नवा फ्रॉकसुद्धा घेऊ नका.

उलट, या गोष्टी खुशाल सांगा: तिथे खुर्चीवर कोण बसतं, प्रश्न कोण विचारतं, कोण टाइप करतं. ‘आठवत नाही’, ‘माहीत नाही’, ‘प्रश्न कळला नाही’, ‘परत विचारा’ ही चारही उत्तरं बरोबर आहेत, त्यासाठी कोणी रागावत नाही. मोठ्या माणसाने चुकीचं म्हटलं तर ‘तसं नाही’ म्हणायला परवानगी आहे. लघवीला जायचं असेल तर सांगता येतं. हे साधं वाटेल, पण शाळेत मुलांना उत्तर येत नाही म्हटलं की ओरडा बसतो. त्यामुळे कोर्टात ती अंदाजाने काहीतरी सांगून मोकळी होतात. आम्ही घरी एक खेळ खेळायचो. मी तिला घटनेशी काही संबंध नसलेले प्रश्न विचारायचे, त्यात मुद्दाम एखादा न कळणारा किंवा चुकीचा घालायचे. ‘तुझ्या शाळेतला हत्ती कुठल्या रंगाचा आहे?’ ‘शाळेत हत्ती नाही’ असं तिने म्हणायचं. पहिल्या वेळी ती बिचारी ‘राखाडी’ म्हणाली होती.

एक प्रश्न मात्र तयारीने सुटत नाही: ‘माझ्यामुळे पप्पांना तुरुंगात ठेवतील का?’ मुलं हे विचारतात, आणि रात्री विचारतात. वडिलांबद्दल तिला राग होता तशी आठवणही होती. आमच्या समुपदेशक बाईंनी सुचवलेलं उत्तर मी देत असे: ‘तू फक्त पाहिलेलं सांगायचं. काय करायचं ते न्यायाधीश ठरवतात, आणि ते खूप जणांचं ऐकून ठरवतात.’ यात खोटं काही नाही आणि शिकवलेलंही काही नाही.

## 4. सरकारी वकिलांना भेटा, अर्ज द्या

खटला सरकार चालवतं. त्यामुळे अर्ज सरकारी वकिलांमार्फत जाणं उत्तम. आपला वकील लावायचा असेल तर कोर्टाच्या परवानगीने तो सरकारी वकिलांना मदत करू शकतो, स्वतः खटला चालवू शकत नाही. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ते कार्यालय न्यायालयाच्याच आवारात असतं.

सरकारी वकिलांकडे शेकडो खटले असतात. साक्षीच्या दिवशी सकाळी त्यांना मूल पहिल्यांदा दिसतं, हे सर्रास घडतं. आरोप निश्चित झाले की लगेच भेटीची वेळ मागा, आणि भेटीत मुलाच्या सवयी सांगा. आमची भाची वेळ घड्याळाने सांगत नसे, ‘आजीची मालिका लागली होती’ असं सांगे. लांबी-रुंदी, अंतर तिला येत नव्हतं. हे आधी कळलं म्हणून सरकारी वकिलांनी ‘किती वाजले होते, किती फुटांवर होतीस’ असले प्रश्न टाळले आणि ‘तू कुठे होतीस, तिथून चूल दिसते का’ असं विचारलं.

अर्जात आम्ही मागितलं ते असं: साक्ष असुरक्षित साक्षीदार केंद्रात घ्यावी, ते शक्य नसेल तर मूल आणि आरोपी यांच्यामध्ये पडदा असावा, एक विश्वासू मोठं माणूस मुलाच्या नजरेसमोर बसू द्यावं, खटल्याशी संबंध नसलेल्यांना बाहेर थांबवावं, साक्ष सकाळच्या सत्रात घ्यावी, सरकारी वकिलांची सरतपासणी आणि आरोपीच्या वकिलांची उलटतपासणी त्याच दिवशी, फार तर सलग दिवशी व्हावी, प्रश्न सोप्या मराठीत, एका वेळी एकच असावा.

आरोपीला बाहेर काढा अशी मागणी करू नका. पुरावा आरोपीसमोर नोंदवणं हा त्याचा हक्क आहे. पडदा लावला तरी त्याला ऐकू आलं पाहिजे आणि वकिलाशी बोलता आलं पाहिजे. ही काळजी घेतली नाही तर उद्या अपिलात त्याच मुद्द्यावर सगळी साक्ष अडचणीत येईल.

सोबत बसणारं माणूस निवडताना एक मोठा खड्डा आहे. ते माणूस स्वतः त्या खटल्यात साक्षीदार असता कामा नये. साक्षीदारांना आपली साक्ष होईपर्यंत दालनाबाहेर थांबावं लागतं. मुलाला सर्वांत जवळची आजी असते आणि नेमकी तीच फिर्यादी असते. आमच्याकडे तसंच होतं. मी लग्न होऊन दुसऱ्या गावी असल्याने माझा जबाब झालेला नव्हता, म्हणून मी बसू शकले. सोबतच्या माणसाने मान हलवायची नाही, डोळ्यांनी खुणा करायच्या नाहीत, ओठ हलवायचे नाहीत.

बरोबर ठेवायची कागदपत्रं: समन्स, खटल्याचा क्रमांक आणि गुन्हा क्रमांक, मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाइड, मुलाचा ताबा कोणाकडे आहे त्याचा बाल कल्याण समितीचा किंवा कोर्टाचा आदेश असल्यास तो, डॉक्टर वा समुपदेशकाचा कागद, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच असलेली प्रत.

आरोपीच्या घरचे मुलाला शाळेबाहेर गाठत असतील, फोन करत असतील, तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेत संरक्षणासाठी अर्ज करता येतो. जिल्ह्याची समिती जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते. वार्ताहरांना नाव, फोटो, शाळा सांगू नका. साक्षीदार मुलाची ओळख छापणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे गुन्हा आहे. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोंनाही आवर घाला.

## 5. कोर्ट एकदा रिकामं दाखवून आणा

साक्षीच्या आधी, मुलाला कोणी प्रश्न विचारणार नाही अशा दिवशी, सरकारी वकिलांच्या ओळखीने दालन पाहून या. पिंजरा, न्यायाधीशांचं आसन, स्वच्छतागृह, पाणी कुठे आहे ते दाखवा. आमच्या भाचीला सर्वांत भीती ‘पिंजरा’ या शब्दाची होती. तिला वाटत होतं दार लावून घेतात. पाहिल्यावर ते गेलं. साक्षीच्या दिवशी न्यायाधीशांनी तिला पिंजऱ्यात न उभं करता आपल्या टेबलाजवळ खुर्चीवर बसवलं. तेही मागता येतं.

## 6. सक्षमतेची चाचणी: पहिली पाच-दहा मिनिटं

साक्ष सुरू होण्याआधी न्यायाधीश मुलाशी बोलतात. कायद्याची कसोटी दोनच गोष्टींची आहे. मुलाला विचारलेलं कळतं का, आणि त्याला सुसंगत उत्तर देता येतं का. हुशारी तपासायची नसते, घटनेबद्दलही काही विचारायचं नसतं.

भाचीला विचारलेले प्रश्न मला बऱ्यापैकी आठवतात. नाव काय, कितवीत आहेस, बाईंचं नाव काय, आज कोणाबरोबर आलीस, येताना गाडीतून काय दिसलं. मग: ‘खरं बोलणं म्हणजे काय?’ ती गप्प. नऊ वर्षांच्या मुलाला व्याख्या विचारली की असं होतं. गप्प बसलं म्हणजे समज नाही असा अर्थ निघू नये म्हणून सरकारी वकील उठून म्हणाले, साहेब, उदाहरणाने विचारता येईल का? न्यायाधीशांनी हातातलं निळं पेन वर धरलं. ‘मी म्हटलं हे पेन लाल आहे, तर?’ ती म्हणाली, ‘खोटं.’ ‘का?’ ‘ते निळं आहे.’ ‘खोटं बोललं तर काय होतं?’ ‘दुसऱ्यालाच शिक्षा होते. आमच्या वर्गात झाली होती.’

तुमच्या मुलाने ‘देव शिक्षा करतो’ किंवा ‘बाई ओरडतात’ असं उत्तर दिलं तरी चालतं. चांगलं उत्तर कोणतं ते शिकवू मात्र नका. शिकवलेलं ‘खोटं बोलल्याने निरपराध व्यक्तीस शिक्षा होते’ असं वाक्य मुलाच्या तोंडून आलं की पुढची सगळी साक्ष संशयाखाली जाते.

यानंतर शपथेचा प्रश्न. 1969 च्या शपथ कायद्यानुसार, 12 वर्षांखालच्या मुलाला खरं बोलायचं असतं हे कळतं पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही, असं न्यायाधीशांचं मत झालं तर शपथ न देता साक्ष नोंदवता येते. ‘शपथ दिली नाही’ म्हणून घाबरून जाऊ नका, साक्ष तेवढीच ग्राह्य असते. सर्वोच्च न्यायालयाने हे 1951 मध्ये ‘रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य’ मध्ये सांगितलं, आणि 1997 मध्ये ‘दत्तू रामराव साखरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ मध्ये पुन्हा.

तुमचं खरं लक्ष हवं ते नोंदीवर. प्रश्न आणि उत्तरं कागदावर उतरली पाहिजेत, आणि त्याखाली न्यायाधीशांचं मत आलं पाहिजे: या साक्षीदाराला प्रश्न कळतात, ती समजून उत्तर देते, खरं बोलण्याची जबाबदारी तिला कळते. घाईत कधी नुसतं ‘साक्षीदार सक्षम आहे’ एवढंच लिहिलं जातं, कधी तेही राहतं. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ‘प्रदीप विरुद्ध हरयाणा राज्य’ मध्ये याच नोंदीवर भर दिला आहे. अपिलातले न्यायाधीश मुलाला पाहत नाहीत, त्यांच्यासमोर फक्त हा कागद असतो. म्हणून आधीच्या भेटीत सरकारी वकिलांना विनंती करून ठेवा की प्रश्नोत्तरं आणि मत, दोन्ही नोंदवून घ्या.

## 7. सरतपासणी आणि उलटतपासणी

सरकारी वकिलांचे प्रश्न आधी. त्यात उत्तर सुचवणारा प्रश्न चालत नाही, त्यामुळे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगायला वाव असतो. मूल रडलं किंवा थांबलं तर साक्ष संपत नाही. पाणी, थोडी विश्रांती मागता येते. ती गप्प झाली किंवा रडली, अशी नोंदही न्यायाधीश घेतात आणि पुढे ती कामी येते.

उलटतपासणीत वकिलांना उत्तर सुचवणारे प्रश्न विचारता येतात. पोक्सोबाहेरच्या खटल्यात ते थेट विचारतात. न्यायाधीशांमार्फत विचारावेत अशी विनंती करता येते, मान्य करणं त्यांच्या हातात. आमच्याकडे थेटच झालं. वकील चढ्या आवाजात बोलले नाहीत, अडचण आली ती वाक्यरचनेची.

आरोपीची बाजू प्रश्नाच्या रूपाने साक्षीदारासमोर मांडतात, तिला सूचना म्हणतात. मराठी कोर्टात तिचा एक ठरलेला साचा आहे: ‘असं म्हणणं खोटं आहे का, की...’ भाचीला विचारलं, ‘असं म्हणणं खोटं आहे का, की तू त्या रात्री झोपली होतीस?’ तिने ‘नाही’ म्हटलं. आता या ‘नाही’चा अर्थ काय? म्हणणं खोटं नाही, म्हणजे ती झोपली होती? की झोपली नव्हती? मोठी माणसंही इथे अडखळतात. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, न्यायाधीशांनी प्रश्न मोडून विचारला: ‘तू जागी होतीस की झोपली होतीस?’ उत्तर आलं, ‘आधी झोपले होते. आईचा आवाज आला तेव्हा उठले.’ साच्यातल्या एका ‘नाही’ने ही सगळी हकीकत गिळली असती. सरकारी वकिलांना आधीच सांगून ठेवा की असे उलटसुलट नकाराचे आणि दोन-दोन गोष्टी एकत्र बांधलेले प्रश्न आले की उठायचं.

मग पढवण्याचा प्रश्न येतोच. ‘काल मावशीने तुला कोर्टात काय सांगायचं ते सांगितलं ना?’ ती म्हणाली, ‘हो.’ माझ्या पोटात गोळा आला. न्यायाधीशांनी विचारलं, ‘काय सांगितलं?’ ‘आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. आणि पाणी मागितलं तर देतात.’ घरी तेवढंच बोललं गेलं होतं, म्हणून तेवढंच बाहेर आलं. कोर्टाबाबत घरी बोलणं झालं, घटनेबद्दल विचारलं गेलं, एवढ्यावरून मूल पढवलेलं ठरत नाही, हे ‘मध्य प्रदेश राज्य विरुद्ध रमेश’ या 2011 च्या निकालातही आहे.

सरतपासणी झाली आणि उलटतपासणीला पुढची तारीख मागितली गेली, तर सरकारी वकिलांना जोरदार विरोध करायला सांगा. मधल्या दिवसांत मूल झोपत नाही, आणि पढवल्याचा आरोप करायला नवी जागा मिळते. असं लांबवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ‘विनोद कुमार विरुद्ध पंजाब राज्य’ मध्ये कडक ताशेरे ओढले आहेत. तो संदर्भ तोंडपाठ ठेवा.

## 8. साक्ष वाचून घेतल्याशिवाय निघू नका

साक्ष संपली की सगळ्यांना मुलाला घरी न्यायची घाई असते. थोडं थांबा. नोंदवलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची असते आणि चूक असेल तर दुरुस्ती मागता येते. बऱ्याचदा टाइप इंग्रजीत झालेलं असतं. मराठीत समजावून सांगा असं म्हणा. आमच्याकडे ‘ओट्याजवळ’ हे ‘ओट्यावर’ झालं होतं. ओट्यावर बसलेल्या मुलाला जे दिसेल ते ओट्याजवळ चटईवर झोपलेल्याला दिसणार नाही, म्हणून हा फरक लहान नव्हता. दुरुस्तीची नोंद तिथेच झाली. प्रवासखर्चाचा भत्ता मिळतो, त्याचाही अर्ज त्याच दिवशी कोर्टात खटल्याचं काम पाहणाऱ्या पोलिसांच्या पैरवी कर्मचाऱ्याला विचारून द्या.

घरी आल्यावर ‘काय काय विचारलं?’ असं कोणी विचारू नये, आणि शाबासकीही साक्षीच्या मजकुराला देऊ नये. मुलाला पुन्हा बोलावण्याचा अर्ज आरोपीकडून येऊ शकतो. पोक्सोत मुलाला वारंवार बोलावू नये असं बंधन आहे, खुनाच्या खटल्यात तसं नाही. न्यायासाठी ती साक्ष गरजेची वाटली तर कोर्ट परवानगी देतं. त्यामुळे युक्तिवाद संपेपर्यंत घरातला नियम तोच ठेवा, आणि असा अर्ज आलाच तर कोणता प्रश्न आधी विचारायचा राहिला होता ते अर्जात स्पष्ट लिहिलं आहे का, हे सरकारी वकिलांना पाहायला सांगा. तसं लिहिलेलं नसेल तर विरोधाचा पहिला मुद्दा तोच.